तीन दिवस न उतरणारी मायग्रेन: रुग्णालयात कधी जायचं, काय घेऊन जायचं आणि तिथे काय होतं

मायग्रेनचे रुग्ण दुखणं सोसायला शिकलेले असतात. अंधाऱ्या खोलीत पडून राहायचं, गोळी घ्यायची, उद्यापर्यंत उतरेल असं म्हणायचं. नेहमीच्या झटक्याला हे चालतं. झटका तीन दिवसांच्या पुढे गेला की हीच सवय नडते. चौथ्या-पाचव्या दिवशी माणूस रुग्णालयात पोहोचतो तेव्हा पोटात काही टिकत नसतं, शरीरातलं पाणी कमी झालेलं असतं आणि कोणती गोळी कधी घेतली याचा हिशेब लागत नसतो. तो हिशेब नसेल तर डॉक्टरांना काही चांगली औषधं बाजूला ठेवावी लागतात, कारण मायग्रेनची बरीच औषधं आधी घेतलेल्या औषधांच्या अंतरावर अवलंबून असतात.

तीन दिवसांहून जास्त चाललेल्या आणि माणसाला आडवं पाडणाऱ्या अशा झटक्याला डॉक्टर स्टेटस मायग्रेनोसस म्हणतात. तो आल्यावर काय करायचं, ते क्रमाने बघू.

## टप्पा १: तास नीट मोजा

हद्द ७२ तासांची आहे. मोजणी दुखणं सुरू झालं तिथपासून करायची. पहिली गोळी घेतली किंवा दुखणं असह्य झालं, तिथपासून नाही.

इथे एक चूक सर्रास होते. मधे झोप लागली किंवा गोळीने चार-सहा तास बरं वाटलं की लोक घड्याळ पुन्हा शून्यावर आणतात. "काल रात्री थांबलं होतं, म्हणजे हा नवा झटका." तसं नाही. झोपेमुळे किंवा औषधामुळे १२ तासांपर्यंत आराम मिळाला तरी झटका तोच धरला जातो.

दुसरी अट अशी की दुखणं तुमच्या ओळखीचं हवं. नेहमीची बाजू, नेहमीचा ठणका, उजेड-आवाज नकोसा होणं, मळमळ. फरक फक्त मुदतीत आणि जोरात. दुखण्याची जातच वेगळी वाटत असेल, तर हे मायग्रेन आहे असं घरी बसून ठरवू नका.

थांबा, आधी हे तपासा. पुढीलपैकी काहीही असेल तर ७२ तासांची वाट न बघता लगेच रुग्णालय गाठा:

- मिनिटभरात शिगेला पोहोचलेलं, आयुष्यात कधी न अनुभवलेलं दुखणं
- ताप, मान ताठ होणं, गुंगी किंवा गोंधळलेपणा
- हातापायातली ताकद जाणं, बोलणं अडखळणं, फिट येणं, एका डोळ्याची नजर जाणं
- ऑरा, म्हणजे डोळ्यांपुढच्या नागमोडी रेषा किंवा मुंग्या, एक तासाच्या पुढे टिकणं
- गरोदरपण किंवा बाळंतपणानंतरचे पहिले सहा आठवडे
- पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी, डोक्याला मार, कर्करोग किंवा कमकुवत प्रतिकारशक्ती

गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बाईचं "मला मायग्रेन आहेच" हे म्हणणं ऐकून कुणीही गप्प बसू नये. या काळात रक्तदाब वाढल्यामुळे किंवा मेंदूतल्या शिरेत गुठळी झाल्यामुळे होणारं दुखणं अगदी मायग्रेनसारखं भासू शकतं.

## टप्पा २: घरचा डोस कुठे थांबवायचा

तिसऱ्या दिवसापर्यंत बहुतेकांनी तीच गोळी चार-पाच वेळा घेतलेली असते. मायग्रेन पेटल्यावर जठर संथ होतं, त्यामुळे पोटात गेलेली गोळी रक्तात उशिरा आणि अपुरी पोहोचते. उलटी झाली तर तेवढीही नाही. म्हणून जी गोळी दोनदा घेऊन चालली नाही, ती पाचव्यांदा घेऊन चालण्याची शक्यता फार कमी असते. धोका मात्र प्रत्येक डोसागणिक वाढतो.

सुमाट्रिप्टानच्या गोळ्या २४ तासांत जास्तीत जास्त २०० मिलिग्रॅम. पहिल्या गोळीने काहीच फरक पडला नसेल तर त्याच झटक्यात दुसरी घेऊ नये. फरक पडून दुखणं परतलं असेल, तर निदान दोन तासांनी घेता येते. पॅरासिटामॉल निरोगी प्रौढाला दिवसाला ४ ग्रॅमच्या पुढे नाही, आणि सर्दीच्या गोळ्यांतलं पॅरासिटामॉलही त्यातच धरायचं. नेप्रोक्सेन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही एकाच कुळातली औषधं आहेत. एकाने भागलं नाही म्हणून वर दुसरं घेतलं की पोट आणि मूत्रपिंड दोन्हीवर ताण येतो, त्यात उलट्यांनी पाणी कमी झालेलं असेल तर जास्तच.

सूचना. निघायच्या आधी "जाता जाता एक शेवटची" म्हणून सुमाट्रिप्टान किंवा त्याच्या कुळातली कोणतीही ट्रिप्टान गोळी घेऊ नका. त्या एका गोळीमुळे रुग्णालयातलं एक महत्त्वाचं औषध पुढचे २४ तास देता येत नाही. ते कोणतं, ते टप्पा ५ मध्ये येईल.

## टप्पा ३: कागदावर यादी

सगळ्या तयारीत हा टप्पा सर्वांत मोलाचा आहे आणि तोच बहुतेक जण टाळतात. डोकं ठणकत असताना लिहिणं जमत नाही, म्हणून घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी सांगून लिहून घ्या. यादीत औषधाचं नाव, मिलिग्रॅम, वार आणि वेळ, फरक पडला का आणि गोळीनंतर उलटी झाली का, एवढं हवं.

एक उदाहरण घेऊ. हे रचलेलं आहे, पण असे रुग्ण इमर्जन्सीत नेहमी दिसतात. चौतीस वर्षांची शिक्षिका. मायग्रेन कॉलेजपासून. या वेळची यादी तिच्या नवऱ्याने लिहिलेली:

- सोमवार संध्या. ६: डाव्या बाजूने सुरू
- सोमवार ७: सुमाट्रिप्टान ५०. रात्री ९ पर्यंत उतरलं, झोप लागली
- मंगळवार पहाटे ४: दुखतच जाग आली
- मंगळवार सकाळी ७: सुमाट्रिप्टान ५०. थोडा फरक
- बुधवार सकाळी ८ आणि रात्री ८: नेप्रोक्सेन ५००. फरक नाही
- बुधवार रात्री ९: सुमाट्रिप्टान ५०. फरक नाही
- गुरुवार सकाळी ८: नेप्रोक्सेन ५००. अर्ध्या तासात उलटी
- गुरुवार दुपारी ३: पॅरासिटामॉल १ ग्रॅम
- लघवी शेवटची दुपारी १२ वाजता, गडद

ती गुरुवारी रात्री ८ ला पोहोचली. सोमवार रात्रीचा आराम सात तासांचा, म्हणजे १२ च्या आत. त्यामुळे झटका ७४ तासांचा धरला गेला. शेवटच्या ट्रिप्टानला २३ तास झालेले. नेप्रोक्सेनला १२ तास, आणि तेही बरंचसं उलटून पडलेलं. एवढ्या नऊ ओळींवरून डॉक्टरांना कळलं की आत्ता काय देता येईल आणि काय थांबवावं लागेल.

यादीत एक गोष्ट मात्र राहिली होती. घसा दुखत होता म्हणून ती चार दिवस क्लॅरिथ्रोमायसिन घेत होती. "ती डोक्याची गोळी नाही" म्हणून लिहिली नव्हती. डॉक्टरांनी "दुसरं काहीही चालू आहे का, अगदी काहीही?" असं दोनदा विचारल्यावर त्या गोळीचं नाव निघालं, आणि त्यामुळे पुढचा बेत बदलला. म्हणून अँटिबायोटिक, गर्भनिरोधक गोळ्या, नैराश्याची, रक्तदाबाची, बुरशीवरची औषधं, सगळी लिहा. पाकिटं सोबत न्या.

सोबत एवढं असू द्या: औषधांची यादी, ॲलर्जी, मागे कोणत्या इंजेक्शनने आराम पडला आणि कोणत्याने त्रास झाला, हृदय, मूत्रपिंड, यकृत किंवा अल्सरचा आजार, शेवटच्या पाळीची तारीख. गॉगल आणि कानात घालायला कापूस किंवा इअरप्लग. गाडी स्वतः चालवू नका, येताना तर नाहीच, कारण गुंगी आणणारी औषधं मिळालेली असतात.

## टप्पा ४: पोहोचल्यावर पहिला तास

पहिलं वाक्य नेमकं ठेवा: "मला मायग्रेन आहे, हा झटका ७४ तासांचा आहे, घरच्या औषधांनी उतरला नाही, उलट्यांमुळे पाणी टिकत नाही." नुसतं "डोकं दुखतंय" म्हटलं तर रांगेत मागे राहाल.

डॉक्टर तापमान, रक्तदाब, मान, डोळ्यांच्या बाहुल्या, चेहरा, हातापायांची ताकद आणि तोल बघतील. डोळ्याच्या मागचा पडदाही बघायला हवा, कारण डोक्यातला दाब वाढलेला असेल तर तिथे सूज दिसते. रक्तात मूत्रपिंडाचं काम आणि क्षार, गर्भधारणेची चाचणी आणि ईसीजी हे बहुधा होतं. ईसीजी कशाला, असा प्रश्न पडतो. मळमळीवरची काही इंजेक्शनं हृदयाच्या विद्युत लयीवर परिणाम करतात, आणि क्लॅरिथ्रोमायसिनसारखं औषध चालू असेल तर तो परिणाम वाढतो, म्हणून.

सीटी स्कॅनचा हट्ट धरणारे नातेवाईक इथे हमखास भेटतात. झटका नेहमीच्याच धाटणीचा असेल, तपासणीत काही सापडलं नसेल आणि वरच्या यादीतलं एकही लक्षण नसेल, तर स्कॅनमधून सहसा काही हाती लागत नाही आणि उपचाराला उशीर होतो. उलट त्या यादीतलं काही असेल, तर मात्र स्कॅन का नाही हे विचारायलाच हवं. शिरेतल्या गुठळीची शंका असेल तर साधा सीटी पुरत नाही, शिरांचं चित्रण लागतं.

शिक्षिकेला ताप नव्हता, मान मऊ होती, ईसीजी ठीक होता, गर्भधारणा नव्हती. स्कॅन झाला नाही, आणि ते बरोबरच होतं.

## टप्पा ५: औषधांचा क्रम

रुग्णालयानुसार क्रम थोडा बदलतो, पण विचार तोच असतो: वेगवेगळ्या वाटांनी काम करणारी औषधं शिरेतून, एकावर एक, प्रत्येकाचा परिणाम बघत.

पहिली पायरी: सलाईन आणि मळमळीवरचं इंजेक्शन. सलाईनने दुखणं थांबतं असा समज आहे. नुसत्या सलाईनने दुखणं फारसं कमी होत नाही. ती सुकलेल्या शरीरासाठी आणि पुढच्या औषधांपासून मूत्रपिंड जपण्यासाठी असते. खरं काम मेटोक्लोप्रमाइड किंवा प्रोक्लोरपेराझिन करतं, साधारण १० मिलिग्रॅम. ही नुसती उलटीची औषधं नव्हेत. ती मेंदूतल्या डोपामिनला अडवतात आणि मायग्रेनचं दुखणंही कमी करतात. "मला दुखण्याचं इंजेक्शन द्या, उलटीचं नको" असं म्हणणारा रुग्ण नकळत सर्वांत उपयोगी औषध नाकारत असतो.

सूचना, नीट वाचा. या इंजेक्शननंतर काही मिनिटांपासून तासाभरात अचानक बेचैनी येऊ शकते. पाय एका जागी ठरत नाहीत, अंगातून बाहेर पडावंसं वाटतं, सुई उपसून घरी जावंसं वाटतं. रुग्ण आणि नातेवाईक याला घाबरणं समजतात, काही जण खरोखरच उठून निघून जातात. हा औषधाचा परिणाम आहे आणि त्यावर उतारा आहे, डायफेनहायड्रामिनसारखं एक इंजेक्शन. मान किंवा जबडा वाकडा होणं, डोळे वर फिरणं हेही त्यातलंच. लगेच नर्सला सांगा. औषध झटकन न टोचता सुमारे १५ मिनिटांत हळूहळू सोडलं तर ही बेचैनी कमी वेळा होते. "हळू सोडाल का?" असं विचारायला संकोचू नका.

शिक्षिकेला दहाव्या मिनिटाला पाय हलवल्याशिवाय राहवेना. नवऱ्याने बेल दाबली, उतारा मिळाला, वीस मिनिटांत ती शांत झाली. ही माहिती तिने पुढच्या वेळेसाठी स्वतःच्या कागदावर लिहून ठेवली.

दुसरी पायरी: किटोरोलॅक. हे नेप्रोक्सेनच्याच कुळातलं, पण शिरेतून, सहसा १५ ते ३० मिलिग्रॅम. अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, रक्त पातळ करणारी औषधं किंवा गरोदरपण असेल तर टाळतात. नुकतंच नेप्रोक्सेन घेतलेलं असेल तरीही थांबतात, म्हणून यादीतली वेळ महत्त्वाची. आपल्या उदाहरणात मूत्रपिंडाचं काम दाखवणारा क्रिएटिनिनचा रिपोर्ट येईपर्यंत डॉक्टर थांबले आणि मग दिलं. एका तासात दुखणं दहापैकी नऊवरून सहावर आलं.

तिसरी पायरी: पुढची औषधं. मॅग्नेशियम सल्फेट १ ते २ ग्रॅम हळूहळू देतात, ऑरा असणाऱ्यांना त्याचा जास्त उपयोग होतो. देताना अंग गरम होतं, चेहरा लाल होतो, रक्तदाब थोडा उतरू शकतो. व्हॅलप्रोएट ५०० ते १००० मिलिग्रॅम हा दुसरा पर्याय. गरोदरपणात आणि यकृताच्या आजारात तो वर्ज्य आहे, गर्भधारणेची चाचणी आधी लागते ती यासाठी. डोक्याच्या मागच्या बाजूला, कवटीच्या पायथ्याशी असलेल्या नसेजवळ भूल देणारं इंजेक्शनही देतात. डोक्याची त्वचा काही मिनिटांत बधिर होते, आणि बऱ्याच जणांचं कपाळापर्यंतचं दुखणं त्यासोबत उतरतं. ज्यांना इतर औषधं चालत नाहीत त्यांच्यासाठी ही चांगली वाट आहे.

चौथी पायरी: डायहायड्रोअर्गोटामीन. हट्टी झटक्यासाठीचं जुनं आणि भक्कम औषध. दाखल करून, मळमळीचं औषध आधी देऊन, साधारण ०.५ ते १ मिलिग्रॅम दर आठ तासांनी, दोन-तीन दिवस. ते सगळीकडे मिळत नाही. मिळालं तरी ते रक्तवाहिन्या आकुंचन पावायला लावतं. म्हणून हृदयविकार, पूर्वीचा पक्षाघात, आटोक्यात नसलेला रक्तदाब, गरोदरपण यांत देत नाहीत. ट्रिप्टाननंतर २४ तासांच्या आत नाही, कारण दोघांचा परिणाम एकमेकांवर चढतो. क्लॅरिथ्रोमायसिनसोबत तर मुळीच नाही. ते अँटिबायोटिक हे औषध शरीरातून बाहेर पडू देत नाही, आणि हातापायांचा रक्तपुरवठा धोक्यात येऊ शकतो.

शिक्षिकेच्या ट्रिप्टानला रात्री ९ वाजता २४ तास पूर्ण होणार होते. क्लॅरिथ्रोमायसिनचं नाव निघालं नसतं, तर पुढचा पर्याय म्हणून हेच औषध समोर होतं. ते बाजूला ठेवून मॅग्नेशियम आणि नसेचं इंजेक्शन दिलं. रात्री १ वाजता दुखणं तीनवर आलं, आणि तिने तीन दिवसांत पहिल्यांदा पोटभर पाणी पिऊन ते टिकवलं.

अफूजन्य इंजेक्शन मागू नका. मॉर्फीनच्या कुळातली औषधं "सर्वांत जोरदार" वाटतात, मायग्रेनला ती मागेच पडतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत प्रोक्लोरपेराझिनने ६० टक्के रुग्णांना टिकाऊ आराम मिळाला, हायड्रोमॉर्फोनने ३१ टक्क्यांना. शिवाय या अफूजन्य औषधांनी दुखणं परतायची आणि पुढे वारंवार होण्याची शक्यता वाढते.

## टप्पा ६: दाखल व्हायचं की घरी

शून्य हे लक्ष्य धरू नका. दुखणं सौम्य झालं, तोंडाने पाणी आणि गोळी टिकते आहे, चालता येतं आहे, तपासणी ठीक आहे, एवढं झालं की घरी जाता येतं. तीन-चार औषधांनंतरही आठ-नऊवरच असेल, उलट्या थांबत नसतील, किंवा रोजच्या पेनकिलर एकदम बंद करायच्या असतील, तर दाखल होणं योग्य. मुक्काम बहुधा दोन ते पाच दिवसांचा असतो.

निघण्याआधी तपासा: डेक्सामेथासोन हे स्टेरॉईड मिळालं का? आत्ताचं दुखणं त्याने थांबत नाही. झटका पुढच्या दोन-तीन दिवसांत परतू नये म्हणून ते असतं, सुमारे १० मिलिग्रॅमचा एक डोस. साधारण नऊ जणांना दिलं तर एकाचं दुखणं परतणं टळतं, आणि एका डोससाठी हे वाईट नाही. मधुमेह असेल तर आधी सांगा, साखर वाढते.

## टप्पा ७: घरी आल्यानंतरचे दोन दिवस

रुग्णालयातून निघताना "आता काय घ्यायचं" याचं उत्तर कागदावर घ्या. काही डॉक्टर तीन-चार दिवस ठरावीक वेळी नेप्रोक्सेन आणि मळमळीची गोळी देतात, काही स्टेरॉईडचा छोटा कोर्स. नियम एवढाच, की वेळेवर घ्यायचं, दुखेपर्यंत थांबायचं नाही, आणि त्यात स्वतःच्या मनाने जुनी गोळी घालायची नाही. किटोरोलॅक मिळालेल्या दिवशी नेप्रोक्सेन कधी सुरू करायचं, हेही विचारून घ्या.

पहिल्या ४८ तासांत दुखणं थोडं परतणं नेहमीचं आहे. कागदावरचं औषध घेऊन उतरलं तर ठीक. पुन्हा उलट्या सुरू झाल्या, किंवा टप्पा १ च्या यादीतलं काही दिसलं, तर परत जा. त्या वेळी मिळालेल्या इंजेक्शनांची नावं आणि वेळा सोबत असू द्या.

एक-दोन आठवड्यांत मेंदूविकारतज्ज्ञांची भेट ठरवा आणि त्याआधी मागच्या तीन महिन्यांच्या गोळ्या मोजा. ट्रिप्टान, अफूजन्य किंवा मिश्र गोळ्या महिन्यात १० किंवा त्याहून जास्त दिवस, साधी पेनकिलर १५ किंवा त्याहून जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त काळ चाललं असेल, तर गोळ्यांनीच डोकेदुखी वाढवलेली असण्याची दाट शक्यता आहे. इथे दिवस मोजायचे, गोळ्या नाहीत. एका दिवसात तीन घेतल्या तरी तो एकच दिवस. आकडा या हद्दीच्या पुढे असेल तर भेटीत पहिल्याच मिनिटाला तो सांगा, म्हणजे झटका रोखणाऱ्या औषधाचा विचार आणि गोळ्या कमी करण्याचा बेत एकत्र होईल.